दूध व्यवसायासाठी बँक मॅनेजरना पत्र लिहिलंय, परतफेडीचा भाग तपासून द्या

टेंभूकाठ

नमस्कार मंडळी. मी कडेगाव तालुक्यातला, वय २६. रान दोन एकर दहा गुंठे, टेंभूचं पाणी आहे. एक एकर ऊस, बाकी चारा. दारात दोन एचएफ संकरित गाई आहेत, आणखी सहा घ्यायच्या आहेत. आमचं गाव ज्या शाखेला दत्तक आहे तिथल्या मॅनेजर साहेबांना भेटलो. ते म्हणाले, "छापील अर्ज भराच, पण सोबत तुमच्या शब्दांत एक पत्र द्या. पैसे कशातून येणार आणि कसे फेडणार ते त्यात पाहिजे." मसुदा खाली देतो. परतफेडीचं नीट मांडलंय का तेवढं सांगा.

*मा. शाखाधिकारी साहेब,*
*विषय : सहा दुभत्या गाईंसाठी सहा लाख रुपये कर्ज मिळणेबाबत.*
*महोदय, मी आपल्या शाखेचा खातेदार असून माझ्याकडे सध्या दोन गाई आहेत. व्यवसाय वाढवण्यासाठी एकूण सात लाख रुपये खर्च आहे. सहा गाई प्रत्येकी ८५ हजारप्रमाणे ५ लाख १० हजार, शेड ७५ हजार, कडबाकुट्टी २५ हजार, विमा व वाहतूक ४० हजार आणि सुरुवातीचे खाद्य ५० हजार. पैकी एक लाख मी स्वतः घालीन. प्रत्येक गाय रोज १५ लिटर दूध देईल. सहा गाईंचे ९० लिटर, ३३ रुपये दराने महिन्याला ८९,१०० रुपये होतात. खर्च ४५ हजार वजा जाता ४४ हजार शिल्लक राहतील. त्यातून मी दरमहा २५ हजार हप्ता भरून सव्वादोन वर्षांत कर्ज फेडीन. तरी कर्ज मंजूर करावे ही विनंती.*

वारणाकाठ

पत्र चांगलंय, पण सबसिडीचा उल्लेखच नाही. नाबार्डची डेअरीची योजना आहे, खुल्या गटाला २५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ३३ टक्के. विषयातच "नाबार्ड योजनेअंतर्गत" असं लिही, आणि एक प्रत नाबार्डला पाठव. दुसरं, जमीन तुझ्या नावावर आहे का वडिलांच्या? वडिलांच्या असेल तर त्यांना सहकर्जदार केल्याशिवाय बँक पुढं जाणार नाही. पत्रावर दोघांच्या सह्या घे.

शेतीकर्ज_सांगली

वडिलांना सहकर्जदार करा हे वारणाकाठ यांचं अगदी बरोबर आहे. सबसिडीचं मात्र जुनं झालं. ती डीईडीएस योजना होती, २५ आणि ३३.३३ टक्के अनुदान होतं हे खरं, पण २०२० नंतर ती बंद झाली. आणि नाबार्ड शेतकऱ्याला थेट कर्ज देत नाही, बँकांना पुनर्वित्त देतं. बंद योजनेचं नाव विषयात दिसलं की मॅनेजर पहिल्याच ओळीवर थांबतो.

मी या जिल्ह्यात शाखांमधून शेतीकर्जाचं काम केलं, आता निवृत्त आहे. टेंभूकाठ, पत्र वाचून मला काळजी वाटली ती एका वाक्याची. "दरमहा २५ हजार भरून सव्वादोन वर्षांत फेडीन." तुम्हाला वाटतं लवकर फेडतो म्हटल्यावर साहेब खूश होतील. साहेब उलट विचार करतात. सहा लाखाला साडेदहा टक्के व्याजाने पाच वर्षांची मुदत धरली तर हप्ता बारा हजार नऊशेच्या आसपास बसतो. ज्याला तेवढा पुरतो तो पंचवीस का मागतोय? म्हणजे ह्या पोराने भाकड गाईचा हिशोब धरलेला नाही. तुमच्या पत्रात सहाही गाई बाराही महिने १५ लिटर देतायत. अशी गाय मी पाहिलेली नाही.

एक काम करा. तुमच्या दोन गाईंचं गेल्या बारा महिन्यांचं डेअरीला गेलेलं दूध बेरीज करून इथं टाका. दहा-दहा दिवसांची बिलं असतील ना? ती काढा. मग बोलू.

आटपाडीकर

माझंपण असंच आहे. मला ट्रॅक्टरचं कर्ज पाहिजे, सिबिल ६४० आहे, बँक नाही म्हणते. काय करावं? आणि भावा, गाईपेक्षा शेळ्या कर. शेळीला ५० टक्के अनुदान आहे.

शेतीकर्ज_सांगली

आटपाडीकर, ट्रॅक्टरचा वेगळा धागा काढा, इथं गुंता होईल. शेळी-मेंढीला राष्ट्रीय पशुधन अभियानात अनुदान आहे हे बरोबर, पण त्यातून दुभत्या गाई घेता येत नाहीत. टेंभूकाठ यांना गाईच घ्यायच्यात.

टेंभूकाठ

बिलं जुळवली. दोन्ही गाईंचं मिळून वर्षाला ५,३०० लिटर गेलंय. घरी ठेवलेलं आणि वासरांना पाजलेलं धरलेलं नाही. दोन्ही गाई व्याल्यावर १५ ते १६ लिटरवर होत्या. आता ५,३०० ला दोनानं आणि ३६५ नं भागलं तर एका गाईचं रोजचं सव्वासात लिटरच निघतंय. एक गाय मध्ये दोनदा उलटली होती, त्यामुळे तिचा भाकड काळ लांबला. तरी आकडा इतका खाली येईल असं वाटलं नव्हतं.

पशुवैद्य_कराड

तुमचा आकडा एकदम नेहमीसारखा आहे, गाईंत काही खोट नाही. आम्ही गोठ्यात एक साधा अंदाज वापरतो : व्याल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी गाय जे सर्वांत जास्त दूध देते, त्याला दोनशेने गुणायचं. तेवढं तिचं एका वेताचं दूध. पंधराची गाय म्हणजे वेताला ३,००० लिटर. दोन वेतांत अंतर आपल्याकडे बारा महिने फार कमी ठिकाणी बसतं. तेरा महिने म्हणजे साधारण ४०० दिवस बसवलं तरी चांगलं म्हणायचं. ३,००० ला ४०० ने भागा, साडेसात लिटर. तुमच्या बिलांनी हेच सांगितलं.

आता वीस लिटरची गाय घ्या. वेताला ४,०००, म्हणजे रोजचे दहा. पंधराची असो की वीसची, अंग राखायला लागणारी दीड किलो पेंड दोघींनाही सारखीच, त्यावर लिटरमागे ४०० ग्रॅम. म्हणून कमी दुधाच्या जास्त गाईंपेक्षा जास्त दुधाच्या कमी गाई परवडतात, पण त्यांची राखण जमली पाहिजे. उन्हाळ्यात सावली, पंखा, पाणी, आणि वर्षभराचा मुरघास. नुसत्या उसाच्या वाड्यावर वीस लिटरची गाय टिकत नाही. वाड्यातलं ऑक्झलेट कॅल्शिअम अडवून धरतं, खनिज मिश्रण दिलं नाही तर व्याल्यावर गाय बसते.

शेतीकर्ज_सांगली

डॉक्टरांनी माझं अर्धं काम केलं. आता पैसे लावतो. दर तुमचाच ३३ धरतो. पेंड ३० रुपये किलो, हिरवा चारा स्वतःच्या रानातला, मजुरी घरची. दुभत्या पंधराच्या गाईला रोज साधारण २२० रुपये आणि भाकड गाईला ११० रुपये खर्च. पटत नसेल तर सांगा.

पंधराच्या सहा गाई : रोजचं सरासरी ४५ लिटर, महिन्याला साडेचव्वेचाळीस हजार. सहांपैकी साडेचार दुभत्या आणि दीड भाकड अशी सरासरी धरली तर खर्च ३५ हजारांच्या आसपास. उरले साडेनऊ हजार. हप्ता बारा हजार नऊशे. म्हणजे पहिल्या वर्षापासून तुम्ही उसाचे पैसे गोठ्यात घालणार. हे पत्र तसंच दिलं असतं आणि कर्ज मंजूर झालं असतं, तर ते नामंजूर होण्यापेक्षा वाईट.

वीसच्या चार गाई : रोजचे ४० लिटर, महिन्याला ३९,६००. दूध जास्त म्हणून दुभत्या गाईचा खर्च २५० धरला तरी महिन्याचा खर्च २६ हजार. उरले १३,६००. दोन गाई कमी, दूध फक्त पाच लिटरने कमी, आणि शिल्लक चार हजारांनी जास्त.

कर्ज किती लागेल? गाय एक लाख दहा हजाराला धरा, चारांचे ४ लाख ४० हजार. शेड ६० हजारात उरका, मुक्त गोठा करा, सगळीकडे कोबा नको. कडबाकुट्टी २५, विमा-वाहतूक ३५. एकूण ५ लाख ६०. तुमचे एक लाख वजा करून कर्ज ४ लाख ६० हजार. खाद्याचे ५० हजार यातून काढले, कारण ते मुदत कर्जात धरायचे नसतात. त्यासाठी पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्ड वेगळं मागा. त्याला दोन लाखांपर्यंत ७ टक्के व्याज आहे, वेळेत फेडलं तर ३ टक्के सवलत. पण वडिलांचं पीककर्ज धरून सगळं मिळून तीन लाखांच्या आत असावं लागतं, ते बघा.

माणदेशी

डॉक्टरांचा आणि साहेबांचा हिशोब कागदावर पटतो, पण मी वीस-बावीसच्या गाई परराज्यातून आणल्या होत्या. एप्रिल-मे मध्ये १२ वर आल्या. एक तर दगडी होऊन एका सडातून गेली. आमच्याकडचं ऊन आणि पाणी त्यांना मानवलं नाही. मला आजही वाटतं की पंधराची इथलीच गाय बरी. दूध कमी, पण उभी राहते.

पशुवैद्य_कराड

माणदेशी, तुमचा अनुभव मी नाकारत नाही. लांबून आणलेल्या गाईचा पहिला उन्हाळा अवघडच जातो. म्हणून वीसची घ्यायची तर ती शक्यतो तीस-चाळीस किलोमीटरच्या आतल्या गोठ्यातून, दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची, व्याल्यावर महिन्याच्या आतली. बाजारात उभ्या गाईवर पैसे देऊ नका. आदल्या दिवसाची धार चुकवून आणतात, कास तुंबलेली दिसते, आणि पहिल्या धारेला बादली भरते. गोठ्यावर जाऊन लागोपाठ तीन धारा स्वतः काढा. चारही सडांचं दूध वेगवेगळं काळ्या फरशीवर काढून बघा, गुठळी दिसली की दगडी.

तरी ऊन सोसण्याचं उत्तर माझ्याकडं पूर्ण नाही. कडेगाव-खानापूर पट्ट्यात काही गोठे वीसवर व्यवस्थित टिकलेत, काही अठराच्या वर कधी गेलेच नाहीत.

गोठेवाली_पलूस

मी सांगते माझं. आम्ही पाच गाई एकाच आठवड्यात आणल्या, पाचही ताज्या व्यालेल्या. पहिले सात महिने घरात पैसाच पैसा. मग पाचही एकदम आटल्या. तीन महिने डेअरीचं बिल हजार-बाराशेवर आणि हप्ता होता तेवढाच. सोनं ठेवून हप्ते भरले. म्हणून दादा, चार गाई एकदम आणू नको. दोन आधी, दोन पाच-सहा महिन्यांनी. पहिल्या दोन आटतील तेव्हा दुसऱ्या दोन भरात असतात.

आणि विम्याचा कानातला बिल्ला रोज बघायचा. आमच्या एका गाईचा बिल्ला गव्हाणीत अडकून तुटला, नवा मारायचा राहिला, आणि ती गाय विषबाधेनं गेली. बिल्ला नाही म्हणून दावा नाही. हप्ता मात्र मेलेल्या गाईचापण चालू राहिला.

शेतीकर्ज_सांगली

ताईंचं दोन टप्प्यांचं म्हणणं पत्रात घालाच. बँकासुद्धा गाईंचे पैसे दोन टप्प्यांत सोडणं पसंत करतात. तुम्ही आधीच लिहिलं तर साहेबांना कळेल की ह्याने गोठा बघितलाय.

राहिला दराचा प्रश्न. २०२३ च्या उन्हाळ्यात ३४-३५ असलेला गाईच्या दुधाचा दर वर्षाअखेर २६-२७ वर आला होता, सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावं लागलं. म्हणून पत्रात दोन हिशोब द्या, एक ३३ चा आणि एक २८ चा. २८ ला चार गाईंतून ७,६०० उरतात, जुन्या दोन गाईंतून जेमतेम सातशे. एकूण ८,३००. पाच वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ९,९०० आणि दर पडल्या महिन्यात दीड हजार कमी. सात वर्षांची घेतली तर हप्ता ७,७५० आणि दर पडला तरी निभतो. व्याज एकूण ५८ हजारांच्या आसपास जास्त जाईल. मी सात मागा म्हणेन.

वारणाकाठ

सात वर्षं बँक देईल का? दुसऱ्या-तिसऱ्या वेताची गाय सात वर्षं दुधावर राहत नाही. गाय गेली आणि कर्ज उरलं असं होईल. माझ्या माहितीत सगळ्यांना पाचच मिळाली.

शेतीकर्ज_सांगली

तुमचा मुद्दा खरा आहे, बरेच मॅनेजर पाचवरच थांबतात, आणि गाईच्या वयाचंच कारण देतात. त्यावर उत्तर कालवडींचं. गोठ्यात जन्मलेल्या कालवडी विकणार नाही, पाचव्या वर्षापर्यंत त्या दुधावर येतील, असं लिहावं लागेल. मान्य होईलच असं मी सांगू शकत नाही. पाच मिळाली तर ३३ च्या दरात अडचण नाही. २८ चा दर लांबला तर उसाच्या बिलातून दोन-तीन हप्त्यांची रक्कम बाजूला असली पाहिजे.

टेंभूकाठ

सगळ्यांचे आभार. नवा मसुदा :

*मा. शाखाधिकारी साहेब,*
*विषय : चार दुभत्या गाई व गोठ्यासाठी ४ लाख ६० हजार रुपये मुदत कर्ज मिळणेबाबत.*

*महोदय,*
*मी व माझे वडील दोघे मिळून हा अर्ज करीत आहोत. आमच्याकडे दोन संकरित गाई असून गेल्या बारा महिन्यांत डेअरीला ५,३०० लिटर दूध घातले. बिले जोडली आहेत. वडिलांचे सोसायटीचे पीककर्ज चालू असून थकबाकी नाही. तसा दाखला जोडला आहे.*

*दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या, सर्वाधिक वीस लिटर दूध असलेल्या चार गाई घ्यायच्या आहेत. दोन आता आणि दोन सहा महिन्यांनी, जेणेकरून सर्व गाई एकाच वेळी आटणार नाहीत. गाईंची रक्कमही त्याच दोन टप्प्यांत मिळावी. एकूण खर्च ५ लाख ६० हजार आहे, पैकी एक लाख आमचे. खर्चाचा तपशील व कोटेशन जोडले आहे.*

*भाकड काळ धरून चार गाईंचे रोजचे सरासरी दूध ४० लिटर धरले आहे. ३३ रुपये दराने खर्च वजा जाता महिन्याला १३,६०० रुपये उरतात, जुन्या गाईंचे सुमारे २,९०० धरून १६,५००. दर २८ रुपयांवर आला तर दोन्ही मिळून ८,३०० उरतात. म्हणून सात वर्षांची मुदत मिळावी, म्हणजे हप्ता सुमारे ७,७५० होईल व दर पडला तरी भरता येईल. गोठ्यात होणाऱ्या कालवडी आम्ही विकणार नाही. सात वर्षे शक्य नसल्यास पाच वर्षांचा हप्ता आम्हाला मान्य आहे. त्यासाठी उसाच्या बिलातून ३० हजार रुपये आपल्याच शाखेत ठेव म्हणून ठेवू.*

*हप्त्याची रक्कम डेअरीने दर दहा दिवसांच्या बिलातून तीन भागांत कापून कर्जखात्यात भरावी, असे डेअरीचे हमीपत्र जोडले आहे. पहिला हप्ता गाई आल्यावर दोन महिन्यांनी सुरू व्हावा. सर्व गाईंचा विमा उतरवून पॉलिसीवर बँकेचे नाव राहील.*

*आपले विश्वासू,*

डेअरीच्या सचिवांशी बोललो, ते हमीपत्र द्यायला तयार आहेत. पण साताबारावर चुलत्यांचं नाव सामाईक आहे. त्याचं काय?

शेतीकर्ज_सांगली

पत्र असं द्या, मला बदल सुचत नाही. एक प्रत स्वतःकडे, त्यावर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या.

सामाईक साताबारा ही खरी अडचण आहे. दोन लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही, पण तुमची मागणी त्यावर आहे. गहाणखत करायचं तर चुलत्यांची सही लागेल, किंवा तुमचा हिस्सा वेगळा पाहिजे. सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज करता येतो. त्याला वेळ लागतो, मोजणी, फेरफार सगळं आलं.

गोठेवाली_पलूस

तोवर दोन लाखांतच सुरू कर की. दोन गाई विनातारण, आणि वाटप झालं की पुढच्या दोन. तसंही दोन टप्पेच करायचेत.

शेतीकर्ज_सांगली

होऊ शकतं. फक्त दोन गाईंनाच २ लाख २० हजार जातात, त्यामुळे शेड आणि कडबाकुट्टी तुमच्या एक लाखातून करावी लागेल. मॅनेजरना विचारा की दुसरा अर्ज नव्याने घेतील की हाच वाढवून देतील. शाखेगणिक उत्तर वेगळं मिळतं.

टेंभूकाठ

चुलत्यांशी आज रात्री बोलतो. ते राजी झाले तर वाटपाचा अर्ज आणि हे पत्र दोन्ही सोमवारी देतो. नाही झाले तर दोन गाईंचा हिशोब नव्याने मांडून इथं टाकतो.